गुडघा कोणाचा वाकतो?

खाकी रंगाची पाकिटं. बाहेरून सगळी सारखी, फक्त निम्म्यांच्या कोपऱ्यात निळा ठिपका आणि निम्म्यांच्या कोपऱ्यात लाल. नववीच्या वर्गात डावीकडच्या बाकांना निळी देते, उजवीकडच्यांना लाल. प्रत्येकात पोस्टकार्डाएवढे दोन फोटो. सूचना एकच: शेजाऱ्याशी बोलायचं नाही, चार मिनिटांत प्रत्येक फोटोतल्या माणसाबद्दल तीन शब्द लिहायचे, आणि रस्ता चुकलात तर या दोघांपैकी कोणाला विचाराल तेही लिहायचं. कारण लिहू नका म्हणून सांगते. कारण लिहायला लावलं की मुलं बाईंना आवडेल ते लिहितात.

चार मिनिटं झाली की शब्द फळ्यावर उतरवते, दोन्ही गटांचे वेगवेगळे. मग निळ्या पाकिटातले फोटो भिंतीवर लावते आणि त्यांच्या खाली लाल पाकिटातले. वर्गात आधी शांतता, मग कुजबुज. दोन्ही पाकिटांत माणसं तीच आहेत. कपडे तेच, भिंत तीच, खिडकीतून येणारा उजेडही तोच. बदललंय ते एवढंच, की निळ्या पाकिटात मुलगी जशी उभी आहे तसा लाल पाकिटात मुलगा उभा आहे, आणि मुलगा जसा उभा आहे तशी मुलगी.

हा खेळ माझ्या डोक्यातून निघालेला नाही. अर्व्हिंग गॉफमन या कॅनडात जन्मलेल्या समाजशास्त्रज्ञाने १९७६ साली जाहिरातींवर एक दीर्घ अभ्यास प्रसिद्ध केला, १९७९ मध्ये त्याचं 'जेंडर अॅडव्हर्टाइजमेंट्स' नावाचं पुस्तक झालं. त्यात पाचशेहून जास्त चित्रं आहेत, बहुतेक मासिकांतल्या आणि वर्तमानपत्रांतल्या जाहिराती. एखाद्या चित्रात काय ठरीव आहे हे कळत नसेल, तर चित्रातल्या स्त्री-पुरुषांची मनातल्या मनात अदलाबदल करून बघा, असं त्याने त्यात सुचवलं आहे. अदलाबदल केल्यावर जिथे डोळ्याला खटकेल, तिथे आपली सवय बसलेली असते. मी फक्त 'मनातल्या मनात' काढून टाकलं. चौदा वर्षांच्या मुलाला 'कल्पना कर' म्हटलं की तो खिडकीबाहेर बघतो. हातात फोटो दिला तर फोटोकडे बघतो.

फोटो कसे काढले ते जरा सविस्तर सांगते, कारण तासाचं यश तिथेच ठरतं. पहिल्या वर्षी मी संगणकावर साडीच्या जाहिरातीतल्या बाईच्या जागी पुरुषाचा चेहरा चिकटवला होता. वर्ग खो खो हसला आणि शिकला काहीच नाही. साडीत मिशीवाला बघून कोणीही हसेल. त्यात पोझचा वाटा किती, साडीचा किती, मिशीचा किती, हे कसं वेगळं करायचं? एका वेळी एकच गोष्ट बदलली तर फरक कशामुळे पडला ते सांगता येतं, हे मुलांना विज्ञानाच्या तासाला शिकवलेलं असतं. तेच इथे लावायचं. म्हणून शाळेतून बाहेर पडलेल्या एका माजी विद्यार्थ्याला आणि विद्यार्थिनीला बोलावलं, फोटो कशासाठी हवेत ते समजावून त्यांची परवानगी घेतली. दोघांनाही पांढरा शर्ट आणि काळी पँट. दोन्ही पोझ जुन्या दिवाळी अंकांतल्या जाहिरातींमधून उचलल्या. पहिली दागिन्यांच्या जाहिरातीतली: वजन एका पायावर, दुसरा गुडघा किंचित वाकलेला, मान कलती, बोटांची टोकं गळ्याला जेमतेम लागलेली, नजर चौकटीबाहेर कुठेतरी. दुसरी सुटिंगच्या जाहिरातीतली: दोन्ही पाय जमिनीवर घट्ट, एक हात खिशात, नजर थेट कॅमेऱ्यात. दोघांनी दोन्ही पोझ दिल्या. चार फोटो. खर्च झाला तो प्रिंटचा.

आता फळ्याकडे. थेट बघणाऱ्या पोझला मुलगा असो की मुलगी, शब्द साधारण एकाच कुळातले पडतात: हुशार, कडक, साहेब, मॅडम, आत्मविश्वास. रस्ता यांनाच विचारायचा. कलत्या मानेच्या पोझमध्ये मुलगी असेल तर सुंदर, लाजरी, विचारात. तीच पोझ मुलाने दिली तर शब्द एकदम पालटतात: विचित्र, नाटकी, आजारी. एकाने लिहिलं होतं, 'दात दुखतोय.' सगळे हसले, मीही हसले, पण मला तो शब्द फार आवडला. हात तिथेच, मान तशीच, आणि मुलीच्या बाबतीत जे सौंदर्य होतं त्याला मुलाच्या बाबतीत कारण शोधावं लागलं. मुलीची मान का कलली हे कोणीच विचारलं नव्हतं.

त्याच १९७६ साली अमेरिकेत जॉन आणि सँड्रा काँड्री यांनी केलेला एक प्रयोग इथे सांगते. त्यांनी नऊ महिन्यांच्या एका बाळाचं चित्रीकरण लोकांना दाखवलं. डबीचं झाकण उघडून टुणकन बाहेर येणारं खेळणं बघून बाळ दचकतं आणि रडतं. निम्म्या लोकांना सांगितलं होतं की हा मुलगा आहे, निम्म्यांना सांगितलं की ही मुलगी आहे. बाळ एकच, रडणंही एकच. 'मुलगा' बघणाऱ्यांना त्या रडण्यात राग जास्त दिसला, 'मुलगी' बघणाऱ्यांना भीती. आमच्या पाकिटांत माणूस बदलतो आणि पोझ तीच राहते; तिथे चित्र अजिबात न बदलता फक्त नाव बदललं. ते ऐकल्यावर मुलं फळ्यावरच्या आपल्याच शब्दांकडे पुन्हा वळतात. आता त्यांना भिंतीवरच्या फोटोंपेक्षा ते शब्द जास्त विचित्र वाटू लागतात.

यानंतर बाक मागे सरकवायचे आणि सगळ्यांनी उभं राहायचं. तासातला माझा सगळ्यात आवडता भाग. आधी दागिन्यांची पोझ, एक मिनिट धरून ठेवायची. वीस सेकंदांत चुळबूळ सुरू होते, कोणी भिंतीचा आधार घेतं. मग म्हणते, 'मी टाळी वाजवली की दाराकडे एक पाऊल टाका.' टाळी वाजते. जवळजवळ सगळ्यांना आधी वाकलेला पाय सरळ करावा लागतो, वजन सावरावं लागतं, मग पाऊल पडतं. आता सुटिंगची पोझ घ्या. टाळी. पाऊल लगेच पडतं. गॉफमनने या वाकलेल्या गुडघ्याला लाजरा गुडघा म्हटलं आहे. त्याचं निरीक्षण असं, की या अवस्थेत लढायचं किंवा पळायचं झालं तर एक क्षण जास्त लागतो. आजूबाजूचे आपल्याला काही करणार नाहीत असं गृहीत धरलं तरच माणूस असा उभा राहू शकतो. हे मी नुसतं सांगितलं असतं तर वहीत उतरून घेतलं गेलं असतं. आता ते त्यांच्या पोटरीला कळलेलं असतं.

हातांचंही असंच. पाण्याची बाटली प्यायला घेतो तशी धरा, म्हणजे पाचही बोटांचा विळखा पडतो. आता जाहिरातीतली बाई अत्तराची बाटली धरते तशी धरा. बोटं बाटलीच्या कडेवरून नुसती फिरतात, ती बाटली पकडत नाहीत, दाखवतात. गॉफमनने हा फरक पानांमागून पानं चित्रं मांडून दाखवला आहे. आमच्या वर्गातल्या एका मुलीने तो एका वाक्यात मांडला: 'बाई, अशी धरली तर पडेल.'

एका वर्षी मात्र मागच्या बाकावरून हात वर आला. 'बाई, कृष्णपण असाच उभा असतो की!' मला क्षणभर उत्तर सुचलं नाही, कारण मुलाचं म्हणणं खरं होतं. बासरी वाजवणारा कृष्ण मान, कंबर आणि गुडघा अशा तिन्ही ठिकाणी वाकलेला असतो, एक पाय दुसऱ्यावरून तिरका टाकलेला. शिल्पकलेत त्याला त्रिभंग म्हणतात, आणि त्याला कोणी नाटकी किंवा आजारी म्हणत नाही. दुसरी एक मुलगी म्हणाली, 'आणि विठोबा?' विठोबा विटेवर दोन्ही पाय जुळवून समोर बघत, कंबरेवर हात ठेवून उभा. बरं, शेजारी रखुमाई कशी असते? तिचेही हात कंबरेवर, तीही ताठ, तीही समोर बघणारी. आमच्या देवघरात नवरा-बायकोची पोझ एकच आहे, हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं.

त्या दिवसापासून हा आक्षेप मी स्वतःच वर्गात आणते, कोणी काढला नाही तरी. गॉफमनची चित्रं मुख्यतः अमेरिकन मासिकांतली होती. वाकलेला गुडघा म्हणजे बाई आणि ताठ गुडघा म्हणजे पुरुष, असा काही निसर्गनियम त्यातून निघत नाही. निघतं ते एवढंच, की विसाव्या शतकातल्या छापील जाहिरातींनी ही वाटणी पक्की केली आणि आपल्याकडच्या दागिन्यांच्या, साड्यांच्या, अत्तराच्या जाहिरातींनी ती जशीच्या तशी उचलली. कृष्णाचा वाकलेला गुडघा आपल्याला चालतो आणि फोटोतल्या मुलाचा चालत नाही, म्हणजे खटकणारी गोष्ट गुडघ्यात नाहीच.

दुसऱ्या तासाला हलती चित्रं. कॅडबरीची क्रिकेटची जाहिरात आमच्या पिढीला तोंडपाठ आहे. नव्वदच्या दशकातली. फलंदाजाच्या नव्व्याण्णव धावा, चेंडू उंच उडतो, झेल जाणार असं वाटतानाच सीमेपलीकडे पडतो, आणि फुलाफुलांच्या कपड्यातली एक मुलगी रखवालदाराला चुकवून मैदानात नाचत शिरते. २०२१ साली कंपनीने तीच जाहिरात उलटी करून काढली: फलंदाज बाई, नाचत धावणारा मुलगा. गाणं तेच, झेलाची धाकधूक तीच, रखवालदाराला चुकवणंही तेच. धंदेवाईक माणसांनी स्वतःहून केलेली अशी अदलाबदल शिक्षकाला आयती मिळणं दुर्मीळच.

मी वर्गाला आधी नवी दाखवते, जुनीबद्दल एक अक्षरही न बोलता. आणि विचारते, यात काही वेगळं दिसलं का? बहुतेक मुलं सांगतात, नाही. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईच्या मैदानावर भारताच्या महिला संघाने विश्वचषक जिंकताना त्यांनी बघितलं आहे, आणि सांगलीची स्मृती मानधना त्यांना आमच्या काळच्या सचिनइतकीच ओळखीची आहे. बाई फलंदाजी करते यात नवल ते काय? मग जुनी दाखवते आणि ती बघून ती बुचकळ्यात पडतात. 'ती खेळत का नाहीये?' असा प्रश्न एका मुलाने अगदी मनापासून विचारला.

अदलाबदल करूनही खटकलं नाही, तर त्यातूनही काही कळतं. भूमिका बऱ्याच बदलल्या आहेत. बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात आई-बाबा दोघं मिळून भाजी निवडताहेत, पुरुष कपड्यांना इस्त्री करतोय अशी चित्रं घातली, तेव्हा मोठ्या माणसांत त्याची चर्चा झाली होती. ती पुस्तकं हातात घेतलेली मुलं आता याच वयाला पोचली आहेत. ते चित्र आठवतंय का विचारलं तर कोणालाच आठवत नाही, आणि यात मला यशच दिसतं. पण याच मुलांना पहिल्या तासाला कलत्या मानेचा मुलगा आजारी वाटला होता. कोण काय काम करतो हे चित्रांमध्ये लवकर बदलतं, कारण ते सगळ्यांना दिसतं आणि त्यावर भांडता येतं. मान किती अंशांनी कलते यावर कोण भांडणार?

आता या तासात काय बिघडतं ते. सगळ्यात मोठं बिघडतं हसण्यामुळे. सुरुवातीच्या एका वर्षी मी पहिल्यांदा मुलाचाच 'बायकी' पोझमधला फोटो दाखवला. हसण्याच्या भरात कोणीतरी वर्गातल्याच एका शांत मुलाचं नाव घेतलं, आणि ते नाव त्याला पुढे कित्येक दिवस चिकटलं. चूक माझी होती. ठरीव चौकट दाखवायला गेले आणि तीच चौकट एका पोराच्या पाठीवर मारली. तेव्हापासून मुलीचा ताठ पोझमधला फोटो आधी येतो. त्याला कोणीही हसत नाही. मग मुलाचा. त्याला हसतात. हसू ओसरलं की विचारते: अदलाबदल दोन्हीकडून झाली, मग हसलो एकाच बाजूला का? मुलगी मुलासारखी उभी राहिली तर वर चढली असं वाटतं, मुलगा मुलीसारखा उभा राहिला तर खाली उतरला असं वाटतं. वर आणि खाली कोणी ठरवलं? हा प्रश्न टाकून मी गप्प बसते, आणि वर्गही बराच वेळ गप्प असतो. ज्या वर्गात थट्टा-मस्करी जास्त चालते तिथे फोटो काढतच नाही. जाहिरातीवर बटर पेपर ठेवून फक्त बाहेरची रेघ गिरवून घेते. चेहरा नाही, कपडे नाहीत, केस नाहीत, नुसती आकृती. मग 'हा कोण असेल?' एवढंच विचारायचं. धार थोडी कमी होते, पण कोणाला लागत नाही.

दुसरी अडचण माझ्या बाजूची आहे. मी निवडलेल्या जाहिराती माझंच म्हणणं सिद्ध करणाऱ्या असणार. मुलांच्याही ते लक्षात येतं, आणि मग ती चित्र बघायचं सोडून बाईंचं मत ओळखायला लागतात. यावर उपाय म्हणजे निवड करायचीच नाही. एका रविवारचा एक अंक घ्यायचा आणि त्यातल्या माणसं असलेल्या सगळ्या जाहिराती कापायच्या, न शोभणाऱ्यांसकट. मग थेट बघणाऱ्या बायकाही सापडतात, लाजरे पुरुषही सापडतात, आणि ते कोणत्या मालाच्या जाहिरातीत सापडतात याची मोजदाद मुलं स्वतः करतात. अदलाबदलीने जे दाखवता येत नाही तेही इथेच कळतं. एका वर्षी सगळी कात्रणं बाकांवर मांडल्यावर एक मुलगी म्हणाली, 'यात माझ्या रंगाचं कोणीच नाही.' त्या पानांवर सावळं माणूसच नव्हतं. जे चित्रात नाहीच, त्याची अदलाबदल कशाशी करणार?

तास जमला की नाही हे त्याच दिवशी कळत नाही. पंधरा दिवसांनी एक नवी जाहिरात देते, जोडीची नाही, एकटी. 'ही चुकीची आहे,' 'बायकांचा अपमान आहे,' अशी उत्तरं आली तर जमला नाही असं समजते. मुलांनी बाईंचं मत पाठ केलं. प्रत्येक चित्राला एकच उत्तर येत असेल, 'सगळ्या जाहिराती खोट्याच असतात', तर त्याहून वाईट, कारण आता ती बघतच नाहीत. बोट कुठे आहे, नजर कोणाकडे आहे, कोण उंच दिसतंय आणि कशामुळे, असं चित्राच्या एखाद्या जागेवर बोट ठेवून कोणी बोललं, तर जमला.

उंचीचं त्यांना मी फक्त एक उदाहरण सांगितलेलं असतं. ब्रिटनचे चार्ल्स आणि डायना जवळपास एकाच उंचीचे होते, पण १९८१ मध्ये त्यांच्या लग्नानिमित्त निघालेल्या टपाल तिकिटावर त्याचं डोकं तिच्या डोक्याच्या वर आहे.

गेल्या वर्षी एका मुलीने आई-बाबांच्या लग्नाचा अल्बम आणला. जाड पानांचा, मध्ये कोळ्याच्या जाळीसारखा कागद असलेला. तिची आई बाबांपेक्षा दोन बोटं उंच आहे. हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे, त्यावर विनोदही होतात. पण अल्बममध्ये ते कुठेच दिसत नाही. मंगलाष्टकांच्या वेळी मध्ये अंतरपाट, नंतर आई खुर्चीत आणि बाबा मागे उभे, किंवा बाबा हॉलच्या पायरीवर आणि आई एक पायरी खाली. तिने आईला विचारलं होतं, असं का? आई म्हणाली, फोटोग्राफर सांगत होता, वहिनी, जरा खाली बसा. मुलीने सगळी पानं उलटून मोजलं होतं. दोघं शेजारी, सपाट जमिनीवर, सरळ उभे असलेला एकच फोटो निघाला. तो कोणीतरी मागून काढला होता, जेवणाच्या रांगेत.